एक पान आणि एक आठवडा: वरिष्ठांना रेझ्युमे दाखवण्याची पद्धत

"सर, माझा रेझ्युमे जरा बघाल का?" एवढ्या ओळीसोबत तीन पानांची फाइल येते आणि ती पाहणारा माणूस मनात म्हणतो, रविवारी निवांत बघू. रविवार येतो आणि जातो. पंधरा दिवसांनी त्याला स्वतःलाच उशिराची लाज वाटू लागते आणि मग तो उत्तर देण्याचे टाळतो. कारखान्यातील गुणवत्ता विभागात काम करताना अशा विनंत्या मला वर्षानुवर्षे येत आल्या आहेत आणि त्यांतल्या काहींना मी उत्तर दिलेले नाही, हे कबूल केले पाहिजे. ज्यांना उत्तर दिले, त्यांच्या विनंतीत बहुतेक वेळा दोन गोष्टी ठरलेल्या होत्या: किती वाचायचे आहे आणि कधीपर्यंत. ही विनंती कशी करावी, हे एक उदाहरण धरून क्रमाने पाहू.

उदाहरणातील मुलगी सांगलीकडची आहे. तिने मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाची परीक्षा दिली आहे आणि शेवटच्या सत्रात कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतील एका मशीन शॉपमध्ये इंटर्नशिप केली आहे. तिला चाकण परिसरातील एका वाहन-भागांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागातील प्रशिक्षणार्थी अभियंता या जागेसाठी अर्ज करायचा आहे. अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार, 20 जून 2025. तिच्याच महाविद्यालयातून चौदा वर्षांपूर्वी बाहेर पडलेले एक गृहस्थ आज दुसऱ्या एका कंपनीत पुरवठादारांच्या गुणवत्तेचे काम पाहतात आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तिची त्यांच्याशी पाच मिनिटे ओळख झाली आहे.

कोणाला विचारावे

पद जितके मोठे तितका सल्ला चांगला, असे नसते. आपल्याला हव्या असलेल्या जागेसाठी जो स्वतः मुलाखती घेतो किंवा अशा प्रशिक्षणार्थींकडून रोज काम करून घेतो, तो माणूस योग्य. कंपनीच्या उपाध्यक्षांना नवशिक्याचा रेझ्युमे पाहून दहा वर्षे झालेली असतात. वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेल्या मित्राला निवड करणाऱ्याची नजर अजून आलेली नसते. आठ ते पंधरा वर्षांचा अनुभव असलेला, त्याच कामातला माणूस मिळाला तर उत्तम.

ज्या कंपनीत अर्ज करायचा आहे तिथल्याच माणसाला रेझ्युमे "फक्त पाहायला" देऊ नये. त्या विनंतीत शिफारशीची अपेक्षा दडलेली आहे, असे त्याला वाटते आणि बहुधा ती असतेच. शिफारस हवी असेल तर ती वेगळी आणि उघडपणे मागावी. एकाच वेळी तिघांना फाइल पाठवणेही टाळावे, कारण एक जण प्रकल्प वर घ्या म्हणतो, दुसरा गुण वर घ्या म्हणतो आणि आपण दोघांपैकी एकाचा शब्द मोडतो. आमच्या उदाहरणातील मुलीने निवडलेले गृहस्थ दुसऱ्या कंपनीत आहेत आणि काम तेच करतात, म्हणून ही निवड चांगली आहे.

आधी पान एकच करावे

एक पान म्हणजे खरोखर एक ए-फोर पान. अक्षरांचा आकार आठवर आणून आणि समास पुसून दोन पानांचा मजकूर एका पानात कोंबला तर पान एक दिसते, पण वाचणाऱ्याचे काम तेवढेच राहते. मजकूर साडेदहा किंवा अकरा आकारात आणि चारही बाजूंनी साधारण दोन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून बसत नसेल, तर मजकूरच कमी करायचा आहे असे समजावे.

कमी काय करावे, हे आपल्याकडे तसे सोपे आहे. आपल्या अनेक रेझ्युमेंमध्ये अजूनही स्थळासाठी पाठवायच्या बायोडेटाची सावली असते. वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता, छंद आणि शेवटी "वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे" हे सहीसकट प्रतिज्ञापत्र, हे सारे काढले की पानाचा चौथा भाग मोकळा होतो. सुरुवातीला लिहिलेले ध्येयाचे वाक्यही काढावे, कारण ते सर्वांचे एकच असते. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण मात्र प्रत्येकी एका ओळीत ठेवावेत. नवीन उमेदवारांसाठी किमान गुणांची अट अनेक कंपन्या घालतात आणि गुण दिसले नाहीत तर वाचणारा ते कमी असावेत असे धरून चालतो.

आणखी एक काटछाट अशी आहे जी नवखे लोक करत नाहीत. इंटर्नशिपमध्ये पाहिलेल्या भागाचा पार्ट नंबर, ग्राहक कंपनीचे नाव किंवा ड्रॉइंगवरची मापे रेझ्युमेत लिहू नयेत. ती माहिती आपली नसते. पुरवठादारांचे काम पाहणारा माणूस तर कदाचित त्याच ग्राहकाच्या बाजूचा असतो, आणि आपल्या पुरवठादाराकडची माहिती प्रशिक्षणार्थी अशी बाहेर नेतात हे पाहून त्याचे मत तिथेच बनते. "वाहनातील एका ओतीव भागाचे बोअरिंग" एवढे पुरते.

पान तयार झाले की ते पीडीएफमध्ये करावे. वर्डची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरवळण बदलते आणि शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर घसरतात. ज्याला आपण एक पान सांगितले त्याला दोन दिसतात. नंतर तीच फाइल स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहावी, कारण समोरचा माणूसही बहुधा ती कॅन्टीनच्या रांगेत किंवा कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवरच उघडणार असतो. दोन स्तंभांची रंगीत रचना मोबाइलवर वाचताना बोटाने सतत इकडे-तिकडे सरकवावी लागते. शिवाय त्या रचनेतला मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवला तर डावीकडच्या आणि उजवीकडच्या ओळी पुष्कळदा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. तसे झाले तर अर्ज भरण्याच्या संकेतस्थळालाही तो मजकूर तसाच विस्कळीत मिळण्याची शक्यता असते, म्हणून साधा एकस्तंभी आराखडा बरा. फाइलच्या नावात आपले नाव, जागा आणि तारीख असावी. `Resume_final_new2.pdf` हे नाव पाहिले की आधीच्या गोंधळाचा अंदाज येतोच. आपल्या नावापुढे `_Quality_10June.pdf` असे जोडले की काम होते.

एका पानाची ही अट नवीन उमेदवारांसाठी आणि कारखान्यातील नोकऱ्यांसाठी आहे. संशोधन किंवा अध्यापनाच्या जागेसाठी लागणारे सविस्तर परिचयपत्र वेगळे असते, त्याला ती लावू नये.

आठवडा मोजून घ्यावा

"सवडीने बघा" हे नम्र वाटते, पण त्याने समोरच्यावर न संपणारे ओझे पडते. "उद्यापर्यंत बघाल का" हे तर उघडच चुकीचे आहे. आठवडा योग्य, कारण कोणत्याही नोकरदाराला सात दिवसांत निदान एक सुट्टी मिळते आणि तरीही काम विसरण्याइतका काळ लोटत नाही. मात्र "एका आठवड्यात" असे न लिहिता वार आणि तारीख लिहावी.

ही तारीख शेवटाकडून मोजत यावी. आमच्या उदाहरणात अर्ज 20 जूनला बंद होतो. सूचना मिळाल्यावर दुरुस्तीसाठी आणि पुन्हा तपासण्यासाठी तीन दिवस लागतील असे धरले, तर उत्तर मंगळवार, 17 जूनपर्यंत हवे आणि विनंती मंगळवार, 10 जूनला जायला हवी. म्हणजे त्या मुलीचे पान 9 जूनच्या रात्री पूर्ण झालेले असले पाहिजे. बहुतेकांचे गणित इथे चुकते. त्यांचे पान 16 तारखेला तयार होते आणि मग त्यांनी केलेल्या उशिराची भरपाई समोरच्याने करावी, अशी अपेक्षा ठेवली जाते.

समोरच्याचे वेळापत्रकही थोडे ठाऊक असावे. पिंपरी, भोसरी या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथल्या माणसाला "रविवारी बघा" असे सुचवणे म्हणजे त्याच्या कामाच्या दिवशी त्याला काम लावणे. महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस माल पाठवण्याच्या घाईत जातात आणि त्या दिवसांत गुणवत्ता विभागातील माणसाचा फोन खाली ठेवला जात नाही. 25 तारखेनंतर सुरू होणारा आठवडा मागू नये, आणि मार्चअखेरीस तर मुळीच नाही.

प्रश्न एकच विचारावा

"रेझ्युमे कसा वाटतो?" या प्रश्नाला "छान आहे, शुभेच्छा" हे उत्तर ठरलेले आहे. ते देणाऱ्याची चूक नाही. त्याने भाषा पाहायची, रचना पाहायची की कामाचा तपशील, हे आपण सांगितलेलेच नसते. भाषेच्या आणि मांडणीच्या चुका मित्राकडून किंवा शिक्षकांकडून आधीच काढून घ्याव्यात. वरिष्ठांना तेच विचारावे जे फक्त त्यांनाच दिसते. माझ्या मते नवख्यासाठी सर्वांत उपयोगी प्रश्न असा: "यातील कोणत्या ओळीवर मुलाखतीत मी अडकेन?" या प्रश्नाला "छान आहे" हे उत्तर देता येत नाही. शिवाय कामाची जाण असलेल्या माणसाला तो विचार करायला आवडतो, कारण मुलाखत घेताना तो नेमक्या अशाच ओळी शोधत असतो.

विनंतीचा मजकूर

ओळख असेल तर पहिल्याच पत्रात पान जोडून पाठवावे, म्हणजे समोरच्याला एकाच बैठकीत काम उरकता येते. प्रत्यक्ष ओळख नसेल तर मात्र आधी फक्त परवानगी विचारावी आणि होकार आल्यावरच पान पाठवावे. ईमेल चांगली. पण त्यांनीच व्हॉट्सअॅपचा क्रमांक दिला असेल तर तिथेही चालते, फक्त "हाय सर" एवढे लिहून उत्तराची वाट पाहत बसू नये. सगळे एकाच संदेशात लिहावे. मेळाव्यात बोलणे मराठीत झाले असेल तर मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, पण ते देवनागरीत आणि पूर्ण वाक्यांत लिहावे. त्या मुलीचा संदेश असा होता असे समजू:

"नमस्कार सर. फेब्रुवारीत आपल्या महाविद्यालयाच्या मेळाव्यात आपली भेट झाली होती आणि पुरवठादारांच्या तपासणीबद्दल आपण थोडे सांगितले होते. मी वाहन-भागांच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागातील प्रशिक्षणार्थी अभियंता या जागेसाठी 20 जूनला अर्ज करणार आहे. सोबत माझा एका पानाचा रेझ्युमे जोडला आहे. यातील कोणत्या ओळीवर मुलाखतीत मी अडकेन, एवढेच आपण मंगळवार, 17 जूनपर्यंत कळवू शकाल का? दोन ओळींचे उत्तरही मला पुरेसे आहे. आपल्याला या आठवड्यात शक्य नसेल तर तसे सांगावे, मी ते समजून घेईन. आपली नम्र," आणि खाली नाव, तुकडीचे वर्ष व फोन क्रमांक.

या मजकुरात ओळखीचा धागा आहे, जागा आहे, पानांची संख्या आहे, एक प्रश्न आहे, तारीख आहे आणि नकाराला वाट आहे. नकाराची वाट ठेवणे नवख्यांना अवघड जाते. पण ती नसेल तर नाही म्हणायचा संकोच वाटणारा माणूस गप्प बसतो आणि आपण आठवडाभर वाट पाहत राहतो. स्वतःच्या परिस्थितीचे वर्णन, घरच्या अडचणी आणि "आपणच माझे आदर्श" अशी वाक्ये संदेशात घालू नयेत. त्यांनी वाचणारा अवघडतो.

संदेश गेला की आठवडाभर हात आवरावा. दुसऱ्याच दिवशी पानात एक चूक दिसते आणि "सर, आधीची फाइल बघू नका, ही बघा" असे लिहिण्याचा मोह होतो. त्यांनी आधीची फाइल वाचून काही खुणा केल्या असतील तर ते श्रम वाया जातात. ती चूक आपल्या प्रतीत दुरुस्त करून ठेवावी आणि गप्प राहावे.

उत्तर आल्यावर

मुलीला शनिवारी फोन आला. फोन येईल तेव्हा पान छापून हाताशी असावे आणि पेन असावे, कारण वरिष्ठ लोक लिहिण्यापेक्षा बोलणे पसंत करतात. तिच्या रेझ्युमेतील प्रकल्पाची ओळ मराठीत सांगायची तर अशी होती: "बोअरिंग प्रक्रियेतील रिजेक्शन कमी करण्याच्या प्रकल्पात सहभाग." बोअरिंग म्हणजे भागातील भोक आतून कापून मापात आणणे, आणि ते भोक म्हणजे बोअर. सरांनी विचारले, बोअर मापापेक्षा मोठे होत होते की लहान? ती म्हणाली, लहान. मग ते म्हणाले, लहान राहिलेले बोअर पुन्हा बोअरिंग करून मापात आणता येते, म्हणजे ते रीवर्क झाले. मोठे झालेले बोअर परत लहान करता येत नाही, ते रिजेक्शन. मुलाखत घेणारा याच शब्दावर थांबेल आणि पुढची दहा मिनिटे तिथेच जातील.

ही चूक कोणत्याही भाषातज्ज्ञाला दिसली नसती. तिथून संभाषण पुढे गेले. बोअर लहान का राहत होते? कापणाऱ्या इन्सर्टची धार झिजत जाते, कड मागे सरकते आणि माप हळूहळू कमी होत जाते. इन्सर्ट कधी बदलायचा किंवा मशीनचा ऑफसेट, म्हणजे धारेच्या जागेचा मशीनला दिलेला आकडा, कधी दुरुस्त करायचा, हे ऑपरेटरच्या अंदाजावर चालत होते. मुलीने बोअर गेजने घेतलेली मापे क्रमाने लिहून ठेवली, भागांची संख्या वाढते तसे माप घसरते हे आलेखात दाखवले आणि त्यावरून पर्यवेक्षकांनी दर 50 भागांनंतर मोजून ऑफसेट दुरुस्त करण्याचा नियम केला. हे सगळे "सहभाग" या एका शब्दाखाली गाडले गेले होते. सरांनी आकडे विचारले, ते तिच्या वहीत होते, पानावर नव्हते.

फोननंतर तिने ओळ बदलली: "पहिल्या 3 महिन्यांत तपासलेल्या 2,400 भागांपैकी 96 भागांचे बोअर लहान राहून रीवर्क लागले, मापांच्या क्रमवार नोंदी व आलेख तयार केले, दर 50 भागांनंतर ऑफसेट दुरुस्तीचा नियम लागू झाल्यावर पुढील 2 महिन्यांत 1,600 पैकी 32." म्हणजे शेकडा 4 वरून शेकडा 2. नियम "मी लागू केला" असे तिने लिहिले नाही, कारण तो पर्यवेक्षकांनी केला होता, आणि ते तसेच राहू द्या असे सरांनीही सांगितले. ओळ लांब झाली, म्हणून एका दिवसाच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र पानावरून गेले. एका पानाची अट पाळायची तर दुरुस्तीनंतरही पान एकच राहिले पाहिजे.

प्रत्येक सूचना मानायलाच हवी असे मात्र नाही. कामाबद्दलची सूचना, म्हणजे चुकीची संज्ञा, न पटणारा आकडा किंवा न सांगितलेले कारण, बहुधा जशीच्या तशी घ्यावी. आवडीनिवडीची सूचना तोलून पाहावी. एखादे वरिष्ठ फोटो लावा म्हणतात, एखादे ध्येयाचे वाक्य परत घाला म्हणतात, कारण त्यांच्या वेळी तसे असे. तिथे वाद घालू नये, आभार मानावेत आणि जाहिरातीत काय मागितले आहे ते पाहून आपण ठरवावे.

उत्तर आले नाही तर

तारखेच्या आधी आठवण करू नये. दिलेला आठवडा पूर्ण त्यांचा आहे. 17 तारीख उलटली आणि काहीच आले नाही, तर 18 तारखेला सकाळी एकच संदेश पाठवावा: "नमस्कार सर. मी 20 तारखेला अर्ज पाठवत आहे. त्याआधी एखादी गोष्ट सांगावीशी वाटली तर अवश्य सांगावी, आणि कामामुळे जमले नसेल तरी काही हरकत नाही." यानंतर तिसरा संदेश नाही, फोन नाही आणि त्यांच्या ओळखीच्या कोणाकडून निरोपही नाही. अर्ज ठरल्या दिवशी आहे त्या पानानिशी पाठवून द्यावा. एखाद्याच्या मौनामुळे अर्जाची तारीख हुकली, तर ती चूक मागणाऱ्याची असते.

उत्तर मिळाले असेल तर दुसऱ्या दिवसाच्या आत आभार मानावेत, आणि त्यांत काय बदलले तेही लिहावे: "रिजेक्शनच्या जागी रीवर्क केले, आकडे घातले, कार्यशाळेची ओळ काढली." नवे पान जोडू नये, कारण जोडले की ते पुन्हा तपासायला दिल्यासारखे होते. त्यांनी स्वतःहून मागितले तर पाठवावे. मुलाखतीचा निकाल लागला की, तो कसाही असला तरी, दोन ओळींत त्यांना कळवावा, आणि त्या रीवर्कच्या ओळीवर काय विचारले गेले तेही सांगावे. आमच्या मुलीला त्या ओळीवर तिसराच प्रश्न विचारला गेला: बोअर गेज मास्टर रिंगवर, म्हणजे अचूक मापाच्या नमुना कड्यावर, दिवसातून किती वेळा शून्य करत होता? तो सरांनाही सुचला नव्हता. निकालाच्या संदेशात तिने तो लिहिला, तेव्हा सरांचे उत्तर त्याच संध्याकाळी आले.